फोटोवरून स्क्रू किंवा पाइप फिटिंग ओळखून जोडीचा भाग कसा घ्यायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे येणारे बहुतेक निरोप एका ओळीचे असतात. "हे काय आहे? असंच दुसरं हवंय." सोबत एक फोटो, तोही बऱ्याचदा तळहातावर ठेवून काढलेला. त्या निरोपांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उत्तरांसकट एकत्र केले आहेत. आधी सोपे आहेत, किचकट अपवाद शेवटाकडे.

१. नुसता एक फोटो पाठवला तर काय आहे ते सांगता येईल का?

प्रकार सांगता येतो, माप सांगता येत नाही. एल्बो आहे की टी, आटे बाहेरून आहेत की आतून, स्क्रूचं डोकं गोल आहे की चपटं, खाच अधिक चिन्हाची आहे की सहा पाकळ्यांची, एवढं फोटोत स्वच्छ दिसतं. पण पाव इंची एल्बो आणि एक इंची एल्बो फोटोत सारखेच दिसतात. एम३ आणि एम६, म्हणजे तीन आणि सहा मिलीमीटर व्यासाच्या स्क्रूंचंही तेच, कारण त्यांच्या व्यासाचं आट्यांमधल्या अंतराशी असलेलं प्रमाण नेमकं एकच आहे.

म्हणून फोटोला दोन प्रश्न विचारायचे. आकार कोणता, आणि माप किती? पहिल्याचं उत्तर बघून मिळतं. दुसऱ्यासाठी फोटोतच काहीतरी मोजण्यासारखं असावं लागतं. ते कसं आणायचं हे प्रश्न २ मध्ये आहे, आणि नसेल तर काय करायचं ते प्रश्न ४ मध्ये.

२. मग फोटो कसा काढू?

तीन फोटो लागतात. एक डोक्याकडून किंवा तोंडाकडून, सरळ वरून. दुसरा बरोबर बाजूने, म्हणजे आटे कडेला करवतीच्या दातांसारखे दिसतील असा. तिसरा त्या जागेचा, जिथून भाग निघाला. या तिसऱ्या फोटोचा लोकांना कंटाळा येतो, पण मला सगळ्यात जास्त तोच सांगतो. बेसिनखालची नळी, नळाचं तोंड, गॅसची जोडणी, लॅपटॉपची मागची बाजू, एवढं कळलं की निम्म्या शक्यता आपोआप गळतात.

आधी भाग पुसा. आट्यांमध्ये जुनी टेफ्लॉन टेप किंवा गंज असेल तर जुन्या टूथब्रशने काढा, नाहीतर कडा फुगीर दिसतात आणि मापात चूक येते. उजेड वरून नको, बाजूने असू द्या, म्हणजे आट्यांच्या खोबणींत सावली पडते आणि ते मोजता येतात. शेजारी स्टीलची पट्टी ठेवा. पट्टी नसेल तर बँकेच्या कार्डाच्या आकाराचं कोणतंही कार्ड चालेल. त्याची लांबी जगभर ८५.६ मिमी असते. फक्त नंबर झाकून ठेवा. मला एकदा एल्बोबरोबर अख्खा कार्ड नंबर आला होता.

फोन जवळ नेऊ नका. हाताच्या अंतरापेक्षा लांब उभं राहून झूम करा. याचं कारण पुढच्याच उत्तरात आहे.

३. पट्टी शेजारी ठेवूनच फोटो काढला होता. त्यावरून २१.७ मिमी आलं, आणि त्या मापाचं काहीच मिळत नाही. असं का?

पट्टी टेबलावर सपाट पडलेली असते. फिटिंग मात्र गोल असतं, आणि त्याची फोटोत दिसणारी कड टेबलापासून निम्म्या व्यासाइतकी वर असते. २१ मिमी जाड फिटिंग असेल तर साधारण १०.५ मिमी वर. जी वस्तू कॅमेऱ्याच्या जवळ ती मोठी दिसते. फोन ३० सेंटीमीटरवर धरला तर फिटिंग पट्टीच्या मानाने सुमारे साडेतीन टक्के मोठं येतं. खरं माप २०.९५ मिमी असेल तर फोटोवरून २१.७ निघतं. तुमचा आकडा बरोबर तोच आहे.

फोन एक मीटरवर नेऊन झूम केलं की हीच चूक एका टक्क्यावर येते. त्याहून चांगला उपाय म्हणजे पट्टीखाली काड्यापेटी किंवा घडी घातलेला पुठ्ठा ठेवून ती फिटिंगच्या मध्याच्या उंचीवर आणायची. मग अंतराचा प्रश्नच उरत नाही. बारीक स्क्रूच्या बाबतीत एवढा खटाटोप लागत नाही. चार मिलीमीटरच्या स्क्रूची कड टेबलापासून जेमतेम दोन मिलीमीटर वर असते.

४. फोटोत पट्टी नाही आणि वस्तू आता हातातही नाही. काही करता येईल का?

करता येतं. फोटोत बाजूने आटे दिसत असले तर त्या आट्यांचीच पट्टी करायची.

आट्याच्या एका शेंड्यापासून पुढच्या शेंड्यापर्यंतच्या अंतराला पिच म्हणतात. व्यासाला पिचने भागलं की जो आकडा येतो तो फोटो लहान-मोठा केल्याने बदलत नाही. फोटो दुप्पट केला तर व्यास दुप्पट दिसतो आणि पिचही दुप्पट, म्हणून भागाकार तोच राहतो. मिलीमीटर माहीत नसले तरी चालतं, पिक्सेल पुरतात. फोनमधल्या फोटो कापायच्या सोयीत निवडलेल्या भागाची रुंदी दिसत असेल तर तेवढंच साधन पुरेसं आहे. नाहीतर संगणकाच्या पडद्यावर साधी पट्टी धरून मोजा.

एक खरा प्रसंग सांगतो. बेसिनखालच्या नळीच्या टोकाचा फोटो आला होता, शेजारी काहीही नाही. आट्यांच्या शेंड्यापासून समोरच्या शेंड्यापर्यंतची रुंदी ८१२ पिक्सेल भरली. मग सहा शेंडे मोजले, म्हणजे मधली अंतरं पाच झाली, आणि ती एकूण ३५१ पिक्सेल निघाली. एक पिच ७०.२ पिक्सेल. ८१२ भागिले ७०.२ म्हणजे ११.५७.

आता हा आकडा ओळखीच्या मापांशी ताडायचा. घरगुती नळाच्या अर्धा इंची आट्यांचा व्यास २०.९५५ मिमी आणि पिच १.८१४ मिमी असतो, म्हणजे भागाकार ११.५५. तीन अष्टमांश इंचीचा १२.५ च्या जवळ येतो, पाऊण इंचीचा १४.६, पाव इंचीचा ९.८. नळाच्या तोंडावरच्या एम२४ गुणिले १, म्हणजे २४ मिमी व्यास आणि १ मिमी पिच असलेल्या बारीक आट्यांचा तर २४. ११.५७ च्या सर्वांत जवळ अर्धा इंच होता. तेच सांगितलं आणि तेच बसलं.

यात दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे अंतरं मोजायच्या ऐवजी शेंडे मोजणं. सहा शेंड्यांना सहाने भागलं तर पिच सहाव्या हिश्शाने कमी येतो आणि उत्तर भलतंच निघतं. दुसरी म्हणजे अगदी टोकाच्या आट्यावर व्यास मोजणं. टोकाची कड तासलेली असते, म्हणून व्यास मधल्या आट्यांवर मोजायचा.

५. भागाकार काढला तर १२.३ आला. म्हणजे तीन अष्टमांश इंच का?

कदाचित. पण आधी फोटो तिरका नाही ना ते बघा. फिटिंग कॅमेऱ्याकडे झुकलेलं असेल तर त्याची लांबी आखडते, रुंदी मात्र तेवढीच राहते. म्हणजे पिच खोटाच लहान दिसतो आणि भागाकार फुगतो. वीस अंशांच्या कलात लांबी सहा टक्क्यांनी आखडते, आणि अर्ध्या इंचाचा ११.५५ वाढून १२.३ होतो. तिथे तो तीन अष्टमांशाच्या दारात उभा असतो.

कल ओळखायची खूण फोटोतच असते. बरोबर बाजूने घेतलेल्या फोटोत फिटिंगचं तोंड सरळ रेषेसारखं दिसतं. तुम्हाला तिथे लंबगोल दिसत असेल तर फोटो तिरका आहे. लंबगोलाची उंची रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी असली तर कल साधारण वीस अंशांचा समजा. अशा फोटोवरून दोन जवळच्या मापांत निवड करू नका, दुसरा मागा.

ही पद्धत आणखी एका ठिकाणी तोकडी पडते. पाऊण इंचीचा भागाकार १४.६ आणि एक इंचीचा १४.४. या दोघांत फोटो कितीही चांगला असला तरी फरक कळत नाही, तिथे खरं माप हवंच. पाऊण इंचीचा बाहेरचा व्यास २६.४ मिमी आणि एक इंचीचा ३३.२ मिमी असतो, त्यामुळे साधी पट्टीही पुरते.

६. दुकानात अर्धा इंच म्हणतात, पण मी मोजलं तर २१ मिमी आहे. अर्धा इंच म्हणजे १२.७ ना?

दोघंही बरोबर आहात. पाइपाचं नाव पूर्वी आतल्या पोकळीवरून पडलं. लोखंडी पाइपांच्या जाड भिंतींमुळे अर्धा इंची पोकळीचा पाइप बाहेरून २१ मिमीच्या आसपास भरायचा. पुढे भिंती पातळ झाल्या आणि पोकळी बदलली, पण बाहेरचा व्यास बदलता येईना, कारण आटे त्याच्यावर पडतात आणि जुन्या फिटिंगला नवा पाइप बसायला हवा. आता अर्धा इंच हे नाव आहे, माप नव्हे.

म्हणून मागताना मोजलेला व्यासही सांगा. "बाहेरून २१ मिमी, आटे बाहेरून" म्हटलं की समोरचा लगेच ओळखतो. बाहेरून १२.७ मोजून "अर्धा इंची द्या" म्हटलंत तर हातात दीडपटीहून जाड फिटिंग येईल. बाहेरून १३ मिमीच्या आसपास आटे असलेलं फिटिंग हे बहुधा पाव इंची असतं.

७. बीएसपी आणि एनपीटी यांतला फरक फोटोत दिसतो का?

मोठ्या मापांत दिसतो, अर्ध्या आणि पाऊण इंचात जवळजवळ नाही, आणि नेमकी हीच दोन मापं घरात जास्त असतात.

बीएसपी ही मूळची ब्रिटिश पद्धत. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली सुचवलेल्या आट्यांवरून ती आली. तिच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, शेंडे आणि दऱ्या गोलसर. युरोप आणि आशियाच्या बहुतेक भागांत तीच चालते. एनपीटी उत्तर अमेरिकेत चालते. तिचा कोन ६० अंशांचा, शेंडे चपटे. अर्ध्या आणि पाऊण इंचात दोन्हींत इंचाला चौदाच आटे असतात, म्हणून प्रश्न ४ मधला भागाकारही इथे उपयोगी पडत नाही. एक इंचात बीएसपीला अकरा आणि एनपीटीला साडेअकरा आटे असतात. लांब आटे असतील तर तिथे फरक मोजता येतो.

धोका असा की अर्धा इंची बीएसपी आणि एनपीटी एकमेकांत फिरतात. दोन-तीन वेढे छान बसतात, मग घट्ट होतात आणि माणसाला वाटतं, झालं काम. पाणी सोडलं की झिरपतं. टेप जास्त गुंडाळून ही गळती काही दिवस थांबते, कायमची नाही. म्हणून उपकरण कुठून आलं हे आधी विचारा. उत्तर अमेरिकेतून आणलेला फिल्टर किंवा पंप असेल तर एनपीटी धरून चाला आणि दोन्हींना जोडणारा अडॉप्टर मागा.

फिटिंगच्या अंगावर काही कोरलेलं असेल तर तेही बघा. जी हे अक्षर सरळ बीएसपी आट्यांसाठी असतं आणि आर निमुळत्या आट्यांसाठी.

८. सरळ आटे आणि निमुळते आटे कसे ओळखायचे?

बाजूच्या फोटोत आट्यांच्या दोन्ही कडांवर पट्टी धरून रेषा ओढा. सरळ आट्यांत त्या समांतर जातात. निमुळत्यात टोकाकडे जवळ येतात, पण फार थोड्या. दर सोळा मिलीमीटरला व्यास एक मिलीमीटरने कमी होतो. पंधरा मिलीमीटर लांबीच्या आट्यांत जेमतेम एक मिलीमीटर. डोळ्यांना ते दिसत नाही, रेषेला दिसतं.

याहून सोपी खूण वॉशरची. सरळ आट्यांची जोडणी वॉशरवर किंवा रबरी रिंगवर दाबून पाणी अडवते, म्हणून तिथे वॉशर बसायला सपाट जागा असते. शॉवरची नळी आणि बेसिनची नळी अशाच असतात. तिथे टेप गुंडाळून उपयोग नाही, वॉशर बदला. निमुळते आटे एकमेकांत रुतून पाणी अडवतात, आणि टेप तिथे लागते.

९. आटेच नाहीत. गुळगुळीत, चिकटवलेला प्लास्टिकचा पाइप आहे.

इथे फोटोपेक्षा पाइपावरची छापील ओळ वाचा. ती पाइपाच्या लांबीवर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते, तेव्हा तुटलेल्या तुकड्यावर नसली तरी भिंतीतल्या पाइपावर सापडते. त्यात साहित्य, माप आणि दाबाचा वर्ग असतो.

छपाई गेली असेल तर बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा. तांब्याच्या पाइपाच्या मापावर बनलेल्या अर्धा इंची सीपीव्हीसी पाइपाचा बाहेरचा व्यास १५.९ मिमी असतो. लोखंडी पाइपाच्या मापावर बनलेला अर्धा इंची प्लास्टिकचा पाइप २१.३ मिमी आणि मेट्रिक पद्धतीचा २० मिमी. तिघांनाही बोलताना अर्धा इंच म्हणतात, पण एकाचं फिटिंग दुसऱ्याला बसत नाही. फोटोवरून २० आणि २१.३ मधला फरक काढायच्या भानगडीत मी पडत नाही. प्रश्न ३ मधली चूकच त्याहून मोठी होऊ शकते.

१०. नळाच्या तोंडावरची जाळी बदलायची आहे. फोटो पाठवलाय.

जाळीचे आटे बाहेरून आहेत की आतून, तेवढं फोटोत दिसलं की बहुतेक काम झालं. बाहेरून असतील तर ती नळाच्या आत फिरते आणि साधारणतः एम२४ गुणिले १ असते. आतून असतील तर ती नळावर चढते आणि साधारणतः एम२२ गुणिले १. पिच एकच मिलीमीटर असल्याने आटे फार बारीक दिसतात. अर्धा इंची पाइपाचे आटे त्यांच्यापुढे जाडजूड वाटतात, म्हणून या दोघांत गोंधळ व्हायला नको.

अपवाद म्हणजे ज्यांची जाळी बाहेरून दिसतच नाही, नळाच्या तोंडात आत दडलेली असते ते नळ. तिथली मापं लहान असतात आणि ती काढायला प्लास्टिकची खास चावी लागते. ती चावी नळाच्या खोक्यात असते आणि खोकं आपण पहिल्याच दिवशी टाकून दिलेलं असतं.

११. स्क्रूवर अधिक चिन्ह आहे. मग तो फिलिप्सच ना?

अधिक चिन्हाच्या तीन वेगळ्या खाचा सर्रास आढळतात. डोक्याचा सरळ वरून घेतलेला फोटो मोठा करून बघा. चार मोठ्या रेषांच्या मधोमध, कर्णावर, चार बारीक ओरखडे दिसले तर तो पोझिड्राइव्ह. ओरखडे नसतील आणि एखाद्या रेषेजवळ एकच बारीक ठिपका खोदलेला असेल तर तो जपानी पद्धतीचा जेआयएस. जुन्या जपानी मोटारसायकली आणि कॅमेऱ्यांत हे असतात. काहीच नसेल तर बहुतेक फिलिप्स.

नवा स्क्रू घेताना हा फरक चालून जातो, कारण आटे जुळले तर डोक्यातली खाच कोणतीही असो, स्क्रू बसतो. तो फरक जुना काढताना नडतो. पोझिड्राइव्हमध्ये फिलिप्सचा पेचकस नीट टेकत नाही आणि जोर लावला की वर सरकून खाच खातो. जपानी स्क्रूतही फिलिप्सचा पेचकस तळाला टेकत नाही. उलट जेआयएसचा पेचकस फिलिप्सच्या स्क्रूत बऱ्यापैकी चालतो. माझ्या डब्यात म्हणूनच तो जास्त झिजलेला आहे.

१२. चांदणीसारखी खाच आहे. कुठला नंबर घेऊ?

आधी पाकळ्या मोजा. सहा असतील तर टॉर्क्स, पाच असतील तर पेंटालोब, तो मुख्यतः फोन आणि लॅपटॉपमध्ये सापडतो. सहा पाकळ्या आणि मध्ये एक खुंटी उभी दिसली तर ती छेडछाड टाळण्याची आवृत्ती, तिला मध्ये भोक असलेला बिट लागतो. फोटोत खुंटीच्या जागी चकाकणारा ठिपका दिसतो आणि लोक त्याला धूळ समजतात. सहा सपाट बाजू असतील तर तो ॲलन, पण घासलेला ॲलन गोलसर होऊन टॉर्क्ससारखा भासतो. शंका आली तर कोपऱ्यांत बघा. ॲलनच्या कडा सरळ असतात, पाकळ्यांच्या वळलेल्या.

नंबर मात्र फोटोवरून सांगू नये. टी२० आणि टी२५ मध्ये टोकापासून टोकापर्यंत जेमतेम अर्धा मिलीमीटर फरक असतो, साधारण ३.९ आणि ४.४. मोठ्यापासून सुरू करून उतरत जा, आणि जो पहिला पूर्ण आत जाईल तो तुमचा. लहान बिट सैल बसूनही फिरतो, आणि त्यातच खाच जाते.

१३. स्क्रूची लांबी कुठून कुठपर्यंत मोजायची?

जेवढा भाग जागेत बुडतो तेवढी. गोल किंवा पॅन डोक्याच्या स्क्रूची लांबी डोक्याखालून मोजतात. काउंटरसंक, म्हणजे वरून सपाट आणि खाली शंकूसारखं डोकं असेल, तर अगदी वरच्या पृष्ठभागापासून, कारण ते डोकं सगळंच आत जातं. फुगीर काउंटरसंकमध्ये वरचा फुगवटा धरत नाहीत, शंकूच्या कडेपासून मोजतात.

शंकूचा कोनही बघा. मेट्रिक स्क्रूंत तो ९० अंशांचा, अमेरिकी इंची स्क्रूंत ८२ अंशांचा असतो. बाजूच्या फोटोवर गुण्याचा काटकोन धरला की कळतं. चुकीचा बसवला तर डोकं कडेवर टेकतं, किंवा एका बाजूने वर राहतं.

१४. व्यास मोजला तर ३.९ मिमी आला. असा स्क्रू असतो का?

तो एम४ आहे. आट्यांचे शेंडे मुद्दाम थोडे कमी ठेवतात, म्हणून मोजलेलं माप नावापेक्षा किंचित कमीच भरतं. वरच्या पूर्ण आकड्याला धरायचं आणि पिचने पडताळायचं. एम४ चा नेहमीचा पिच ०.७ मिमी, एम५ चा ०.८. टोकदार, विरळ आट्यांचा लाकडाचा किंवा पत्र्याचा स्क्रू असेल तर ही मापं लागू नाहीत. तिथे ३.९ हे खरंच ३.९ असू शकतं.

१५. संगणकाच्या डब्याचा स्क्रू हरवलाय. जोडीतला दुसरा हातात आहे, पण नवा बसत नाही.

तिथे दोन जातीचे स्क्रू शेजारी नांदतात, एम३ आणि इंची मापाचा ६-३२. एम३ चा पिच ०.५ मिमी, ६-३२ चा ०.७९, म्हणजे ठळक विरळ. प्रश्न ४ मधला भागाकार इथे अचूक काम करतो. एम३ ला ६, ६-३२ ला ४.४ च्या आसपास. तेवढंही करायचं नसेल तर दोन्ही स्क्रू आट्यांना आटे लावून उजेडासमोर धरा. जुळे असतील तर दात एकमेकांत बसतात आणि मधून उजेड येत नाही. जुळत नसतील तर दोन-तीन दातांनंतर फट पडत जाते.

ही चाचणी कोणत्याही स्क्रूला चालते आणि फोटोतही छान उतरते. दुसरा नमुना हाताशी असेल तेव्हा मी हाच फोटो मागतो.

१६. डोकं पूर्ण घासलंय, किंवा फिटिंग आत तुटून अडकलंय. फोटो काय सांगणार?

तुटलेलं नव्हे, त्याची जोडीदार जागा दाखवा. एका यंत्रात एकाच ओळीतले स्क्रू सहसा सारखे असतात, त्यातला धड असलेला काढा. पाइपाच्या बाबतीत तुटलेलं निपल, म्हणजे बाहेरून आटे असलेला आखूड पाइप, ज्यात अडकलंय त्या सॉकेटचा, किंवा त्याच ओळीतल्या दुसऱ्या नळाचा फोटो घ्या. आतल्या आट्यांचा व्यास मोजताना लक्षात ठेवा, कॅलिपर शेंड्यांवर टेकतो, म्हणून आकडा बाहेरच्या आट्यांपेक्षा लहान येतो. अर्धा इंची बीएसपीच्या आत तो साधारण १८.६ ते १९ मिमी असतो.

१७. फोटोत आटे उलटे दिसताहेत. डाव्या आट्यांचा आहे का?

स्क्रू उभा धरा. समोरच्या बाजूचे आटे डावीकडून उजवीकडे चढत जात असतील तर ते नेहमीचे उजवे. उजवीकडून डावीकडे चढत असतील तर डावे. गॅसच्या काही जोडण्या आणि सायकलचं डावं पेडल यांत डावे आटे खरोखर असतात. इंधन-गॅसच्या डाव्या नटांच्या कोपऱ्यांवर खाच पाडलेली असते, तीही बघा.

पण त्याआधी फोटो कुठल्या कॅमेऱ्याने काढला ते विचारा. सेल्फीचा कॅमेरा बऱ्याच फोनवर आरशासारखं उलटं चित्र जतन करतो, आणि त्यात प्रत्येक साधा स्क्रू डावा दिसतो. भागावर किंवा आसपास कुठे अक्षरं असतील तर ती सरळ वाचता येतात का ते बघा. एकदा मी अशाच फोटोवरून डाव्या आट्यांचं निपल सुचवलं होतं. समोरच्याने ते शोधायला आठवडा घालवला, आणि मग मागच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो पाठवला. मागे भिंतीवर दिनदर्शिका होती. पहिल्या फोटोतही ती होती, तिच्यावरचे आकडे उलटे होते, आणि मी ते बघितले नव्हते.